कच्च्या बीजाची वेळ

‘बीज कच्चंच काढतात आणि बाहेर पिकवतात म्हणे. दहा-दहा दिवस इंजेक्शनंही नाहीत. खरं का हो, ताई?’

देवळाली कॅम्पात ओळखीच्यांकडे चहाला बसले होते, तिथे शेजारच्या क्वार्टरमधून आलेल्या मुलीने हे विचारलं. नवरा तोफखान्यात हवालदार, लग्नाला सहा वर्षं झालेली, तिचं वय एकोणतीस. डॉक्टरांच्या आधी तिने मला विचारलं, कारण मी ‘लिहिते’ असं तिला कळलं होतं. संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘वेळेआधी’ हा विषय दिला होता. अवकाळी पावसावर लिहावं का, असा विचार चालला होता, तो त्या चहाबरोबरच संपला.

देवळाली कॅम्पात एका बाजूला लॅम रोडच्या परिसरातली जुनी सॅनिटोरियमं आहेत. मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं हवा चांगली म्हणून तिथे महिना-महिना येऊन राहत. दुसऱ्या बाजूला लष्कर आहे, त्याचं आर्टिलरी स्कूल आहे, सरावाच्या तोफांचे दूरवरून ऐकू येणारे आवाज आहेत. लष्करी घरात वर्ष मोजतात ते पोस्टिंग आणि रजेने. मूल होण्यासाठीचे उपचारही त्याच हिशेबात अडकतात. या मुलीची फाईल तीन गावच्या दवाखान्यांची होती. दर बदलीला नवा डॉक्टर आणि पुन्हा पहिल्यापासून सोनोग्राफी.

फाईल तिने मांडीवर उघडली. पीसीओडी. पाळी दोन-तीन महिन्यांनी येणारी. लेट्रोझोलच्या गोळ्यांवर काही महिने बीज फुटलं, पण दिवस राहिले नाहीत. रक्तातलं एएमएच ९.६, म्हणजे भरपूर. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून चाळीसच्या वर बारीक फॉलिकल. नवऱ्याचा रिपोर्ट ठीक. नाशिकच्या डॉक्टरांनी आता आयव्हीएफ करू म्हणून सांगितलं होतं, आणि ते सांगताना एक इशाराही दिला होता: तुमच्या अंडाशयात बीजं फार आहेत, इंजेक्शनांना जास्त प्रतिसाद येऊ शकतो.

तिला भीती होती ती नेमकी याचीच. मागच्या स्टेशनवर शेजारच्या वहिनींचं असंच झालं होतं. पोट फुगलं, श्वास लागला, आठवडाभर दवाखान्यात, पोटातलं पाणी सुई घालून काढावं लागलं. म्हणून ‘इंजेक्शनांशिवाय’ हा शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकल्यावर तिने तो धरून ठेवला होता.

इंजेक्शनं नेमकं काय करतात

स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एकच बीज पिकतं, पण तयारीला लागलेली बरीच असतात. दोन ते दहा मिलिमीटरच्या पाणीदार पुटिकांमध्ये, म्हणजे फॉलिकलमध्ये, ती बसलेली असतात. पाळीच्या सुरुवातीला मेंदूतल्या ग्रंथीकडून एफएसएच हे संप्रेरक थोडं वाढतं आणि या पुटिका वाढू लागतात. त्यातली एक दहा मिलिमीटरच्या पुढे निघून जाते. तिच्यातून येणाऱ्या संप्रेरकांमुळे एफएसएच पुन्हा उतरतं, आणि बाकीच्यांना ते अपुरं पडल्याने त्या सुकून जातात.

आयव्हीएफच्या नेहमीच्या पद्धतीत हे उतरणंच होऊ देत नाहीत. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज एफएसएचचं इंजेक्शन असतं. हिच्यासारख्या रुग्णाला दीडशे युनिटच्या आसपास, आठ ते बारा दिवस. मध्येच बीज फुटून जाऊ नये म्हणून पाचव्या-सहाव्या दिवसापासून अँटागोनिस्टचं दुसरं इंजेक्शन. फॉलिकल अठरा मिलिमीटरच्या आसपास आले की ‘ट्रिगर’ देतात. बीजाला शेवटची पायरी चढायला लावणारं हे इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण पस्तीस-छत्तीस तासांनी ‘पिकअप’. छत्तीसच का? कारण त्या सुमारास बीज पिकलेलं असतं आणि फॉलिकल अजून फुटलेलं नसतं. तासांचा हा हिशेब चुकला तर सगळी बीजं पोटात सांडून जातात. म्हणून ट्रिगरची वेळ रात्री साडेदहा दिली असेल तर अकराला घेऊन चालत नाही.

ज्यांच्या अंडाशयात पंधरा-वीस फॉलिकल आहेत त्यांना हे मानवतं. चाळीस असतील तर सगळेच वाढायला लागतात. त्यावर एचसीजी या संप्रेरकाचा ट्रिगर दिला की रक्तवाहिन्यांमधून पाणी पाझरून पोटात, कधी छातीत साठतं. रक्त दाट होतं, गुठळ्यांची भीती राहते. शेजारच्या वहिनींना झालं ते हेच. याला ओएचएसएस म्हणतात, आणि पीसीओडी असलेल्या तरुण बायकांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

मग बीज पिकायच्या आधीच काढून घेतलं आणि शेवटची पायरी बाहेर, काचेच्या ताटलीत चढू दिली, तर? इतक्या इंजेक्शनांची आणि ट्रिगरची गरजच राहणार नाही. ‘इन व्हिट्रो मॅच्युरेशन’ किंवा आयव्हीएम म्हणतात ते हेच.

पडद्यावरचं बीज

नाशिकमधल्या एका खासगी आयव्हीएफ लॅबमध्ये मला आत डोकावू दिलं. डोक्याला टोपी, पायांना कव्हर, आणि अत्तर लावून येऊ नका अशी आधीच सूचना; हवेतल्या रसायनांचा भ्रूणांवर परिणाम होतो. एम्ब्रियोलॉजिस्ट मॅडमनी पहिल्यांदाच स्पष्ट केलं की इथे आयव्हीएमची सायकल करत नाहीत. ‘पण कच्ची बीजं रोज बघते,’ त्या म्हणाल्या. नेहमीच्या पिकअपमध्येही दहातली एक-दोन बीजं कच्ची निघतातच.

त्यांनी पडद्यावर तीन बीजं दाखवली. भोवतालच्या पेशी काढून टाकलेली, गोल, पारदर्शक, मिलिमीटरच्या जवळपास आठव्या-नवव्या भागाएवढी. पहिल्या बीजाच्या कडेला एक बारीक गोळी चिकटलेली होती. तो ध्रुवीय पिंड. बीजाने आपल्या गुणसूत्रांचा अर्धा वाटा बाहेर टाकला आहे, शुक्राणूची वाट बघायला ते मोकळं आहे, हे त्यावरून कळतं. लॅबच्या बोलीत हे ‘एम-टू’. दुसऱ्यात ती गोळी नव्हती आणि आतही काही दिसत नव्हतं. ते ‘एम-वन’, वाटेतलं. तिसऱ्याच्या आत मात्र एक मोठं वर्तुळ ठळक दिसत होतं आणि त्यात एक ठिपका. ते केंद्रक अजून उघडलेलंच नव्हतं. हे ‘जी-व्ही’, पूर्ण कच्चं. मुलीच्या जन्माच्या आधीपासून तिची बीजं याच अवस्थेत थांबलेली असतात.

‘हे तिसरं उद्यापर्यंत ठेवलं तर?’ मी विचारलं.

‘कदाचित पिकेल. पण त्याचा उपयोग होईलच असं नाही.’

जी बीजं इंजेक्शनं आणि ट्रिगर मिळूनही कच्ची राहिली, त्यांच्यात मुळातच काही उणीव असण्याची शक्यता मोठी. ती ठेवून पिकवण्याला ‘रेस्क्यू’ म्हणतात, आणि त्यातून होणारी मुलं फार थोडी. खऱ्या आयव्हीएममध्ये बीजं कच्ची काढायची हे आधीच ठरलेलं असतं आणि सगळी तयारी त्या हिशेबाने केलेली असते. क्लिनिकच्या जाहिरातीत या दोन गोष्टी एकाच नावाखाली येतात, म्हणून हे इथे सांगून ठेवते.

ते तिसरं बीज जी-व्ही अवस्थेत थांबतं कशामुळे, हे कळल्याशिवाय आयव्हीएमची अडचण कळत नाही. बीज स्वतःहून थांबलेलं नसतं, त्याला थांबवलेलं असतं. फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी सीएनपी नावाचं एक छोटं प्रथिन सोडतात. बीजाला लगडून बसलेल्या क्युम्युलस पेशी त्याला प्रतिसाद म्हणून एक रेणू तयार करून बारीक जोडांमधून बीजाच्या आत पाठवत राहतात. तो रेणू आत येतोय तोवर बीज पुढची पायरी चढत नाही. महिन्याच्या मध्याला एलएच हे संप्रेरक उसळतं तेव्हा हा पुरवठा तुटतो आणि बीज चालू पडतं.

आता सुईने ते बीज भिंतीपासून ओढून काढलं की पुरवठा तसाच तुटतो, एलएच आलं असो वा नसो. सशाच्या बीजांवर पिंकस आणि एन्झमन यांनी १९३५ मध्येच हे पाहिलं होतं: फॉलिकलमधून बाहेर काढलेलं बीज आपोआप पिकायला लागतं. ऐकायला हे सोयीचं वाटतं. पण आपोआप पुढे जातं ते केंद्रक. भोवतालचा पेशीद्रव, ज्यात पहिल्या दोन-तीन दिवसांच्या भ्रूणाची शिदोरी साठवायची असते, तो मागेच राहतो. कडेला ध्रुवीय पिंड दिसतो, बीजात सुईने शुक्राणू सोडला की फलनही होतं, आणि तिसऱ्या दिवशी भ्रूण थबकतं. सूक्ष्मदर्शकाखाली पिकलेलं बीज आणि नुसतं पिकल्यासारखं दिसणारं बीज यांत फरक करता येत नाही, तो तीन दिवसांनी कळतो.

आंबा कैरी असताना काढून आढीत घातला तरी पिकतो, आणि आमच्या नाशिकचं द्राक्ष वेलीवरून तोडलं की जितकी साखर भरली तितकीच. बीजाचं केंद्रक आंब्यासारखं वागतं आणि पेशीद्रव द्राक्षासारखा. आयव्हीएमचं गेल्या तीस वर्षांतलं बहुतेक संशोधन पेशीद्रवाला ताटलीत वेळ कसा मिळवून द्यायचा, यावर आहे.

कधी काढायचं

पहिला प्रश्न बीज कधी काढायचं हा, आणि उत्तर मिळतं ते सोनोग्राफीच्या मिलिमीटरमध्ये. पाच-सहा मिलिमीटरच्या खालच्या फॉलिकलमधलं बीज बहुधा फारच लहान असतं, त्यातली साठवण झालेली नसते. दुसऱ्या टोकाला, एखादं फॉलिकल बारा मिलिमीटरच्या पुढे गेलं की तिथून निवड सुरू झाली, असं समजायचं. बाकीच्या फॉलिकलमधली बीजं उतरणीला लागू शकतात. म्हणजे हाती राहते ती सहा ते दहा-बारा मिलिमीटरची खिडकी. पाळी नियमित येणाऱ्या बाईत ती दोन-तीन दिवसांत मिटते. पीसीओडीत मात्र एकही फॉलिकल पुढे निघत नसल्यामुळे ती बराच काळ उघडी राहते. ज्या दोषामुळे दिवस राहत नाहीत तोच इथे सोयीचा पडतो, म्हणून आयव्हीएमचे बहुतेक प्रयोग पीसीओडीच्या बायकांवरच झाले.

सगळेच डॉक्टर पूर्णपणे इंजेक्शनांशिवाय काढत नाहीत. दोन-तीन दिवस एफएसएच देऊन मग थांबण्याची पद्धत डेन्मार्कमधून पुढे आली. हो ची मिन्ह शहरातल्या माय डुक रुग्णालयात आज वापरतात त्या पद्धतीत दोन दिवस दीडशे-दीडशे युनिट, शेवटच्या इंजेक्शनानंतर सुमारे ४२ तासांनी पिकअप, आणि ट्रिगर नाही. एकूण तीनशे युनिट. नेहमीच्या दहा दिवसांच्या सायकलचे पंधराशे होतात. मधले ४२ तास इंजेक्शन नसतं, कारण एफएसएचने थोडी चालना मिळाल्यावर त्याच्याशिवाय काही तास काढले की बीज जास्त समर्थ होतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं.

दुसरी पद्धत मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातली. पिकअपच्या आधी छत्तीस-अडतीस तास एचसीजीचं एक इंजेक्शन. त्यात काही बीजं ताटलीत यायच्या आधीच पिकलेली असतात, काही अर्धी, काही कच्ची, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. शिवाय हिशेबही गढूळ होतो. पोटातच पिकलेल्या बीजापासून झालेलं मूल आयव्हीएमच्या खात्यात जमा होतं. जुने अहवाल वाचताना ट्रिगर दिला होता का, हे पहिल्यांदा बघावं. दिला असेल तर यशाचे आकडे जरा फुगलेले धरायचे.

मग प्रत्यक्ष काढणं. नाशिकच्या डॉक्टरांनी हे मला हातवारे करून समजावलं. मोठं फॉलिकल सुईने टोचलं की पाणी बीजासकट सहज येतं. ट्रिगरमुळे क्युम्युलस पेशी फुगून चिकट गोळा झालेल्या असतात, तो नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. आठ मिलिमीटरच्या फॉलिकलमध्ये मात्र बीज भिंतीला घट्ट चिकटून असतं आणि पाणी थेंबभर. पीसीओडीचं अंडाशय चिवट, सुईसरशी सरकणारं. म्हणून सुई बारीक घ्यायची, ओढ कमी ठेवायची, आतल्या आत फिरवून भिंत खरवडायची, आणि गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन घातलेल्या द्रवाने सुई मधूनमधून धुवायची. हाती येतं ते बहुतेक रक्तच. ते ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळून, जाळीवर उरलेल्या कणांतून एकेक बीज वेचायचं. नेहमीच्या पिकअपच्या कितीतरी पट वेळ यात लॅबचा जातो. ‘डॉक्टरचं काम अर्धा तास वाढतं, माझं चार तास,’ एम्ब्रियोलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या. औषधांवरचा खर्च वाचतो हे खरं. पण खास द्रव, अनुभवी हात आणि जास्तीचे दिवस यांत त्यातला काही परत जातो, हे क्लिनिकची जाहिरात सांगत नाही.

ताटलीतला मुक्काम पूर्वी एकाच टप्प्याचा होता: एफएसएच आणि एचसीजी घातलेल्या द्रवात २८ ते ३२ तास. शंभर कच्च्या बीजांतली निम्म्याच्या आसपास पिकत. आता माय डुकमध्ये, ब्रुसेल्सच्या योहान स्मित्झ यांच्या गटाबरोबर बसवलेली दोन टप्प्यांची रीत आहे. पहिले चोवीस तास ताटलीत सीएनपी घालतात, तेच प्रथिन जे फॉलिकलची भिंत सोडत होती. केंद्रक थांबून राहतं, क्युम्युलस पेशींचे जोड शाबूत राहतात, आणि पेशीद्रवाला भरून घ्यायला एक दिवस मिळतो. नंतर ते काढून एफएसएच आणि अँफिरेग्युलिन घालून तीसेक तास पिकवतात. यात शंभरातली साठ-पासष्ट पिकतात. त्यानंतर इक्सी, म्हणजे प्रत्येक बीजात सुईने एक शुक्राणू सोडणं.

एक गोष्ट लष्करी घरांना लागू पडणारी. नेहमीच्या सायकलमध्ये नवऱ्याचा नमुना पिकअपच्याच दिवशी लागतो. इथे तो दोन दिवसांनी लागतो. सीमेवर असलेला माणूस कुठल्याच दिवशी हजर नसेल तर नमुना आधी देऊन गोठवून ठेवावा लागतो, दोन्ही पद्धतींत.

आणि भ्रूण लगेच गर्भाशयात सोडता येत नाही. फॉलिकल वाढलेच नाहीत म्हणून इस्ट्रोजेन वाढलं नाही, म्हणून अस्तर पातळ राहिलं. भ्रूणं गोठवायची, आणि पुढच्या एखाद्या महिन्यात गोळ्यांनी अस्तर तयार करून सोडायची.

गायीला चालतं

महाराष्ट्रात ही पद्धत रोजच्या कामात बघायची असेल तर ती माणसांच्या दवाखान्यापेक्षा गोठ्याजवळ सापडेल. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईला जे. के. ट्रस्टचं केंद्र आहे, तिथे गीर, साहिवालसारख्या देशी गायींचे भ्रूण प्रयोगशाळेत तयार करतात. गायीच्या फॉलिकलमधून सोनोग्राफीखाली कच्ची बीजं काढायची, बावीस-चोवीस तास ताटलीत पिकवायची, फलन करायचं आणि सातव्या दिवशी भ्रूण दुसऱ्या गायीत ठेवायचं. जगभर गायीचं आयव्हीएफ बहुतेक याच रीतीने होतं. तिथे दहा बीजांतून तीन-चार भ्रूणं आली तर धंदा चालतो, आणि गाय पंधरवड्याने पुन्हा उभी करता येते. बाईच्या बाबतीत हे गणित कुणी मांडणार नाही, निदान मांडू नये.

माणसांमधली सुरुवातही कच्च्या बीजापासूनच झाली. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयाच्या तुकड्यांतली बीजं ताटलीत पिकवून दाखवली. माणसाच्या बीजाला उंदराच्या तुलनेत किती जास्त तास लागतात हे त्यांना आधी उमगलं नव्हतं, ते लवकर बघत राहिले आणि काही दिसेना. १९६९ मध्ये अशाच बीजांचं फलन झालं. पण त्यातून मूल होईना, म्हणून एडवर्ड्स आणि त्यांचे सहकारी स्टेप्टो शरीरातच पिकलेल्या बीजाकडे वळले आणि १९७८ मध्ये लुईझ ब्राउन जन्मली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हर्षा जन्मली, तीही पिकलेल्या बीजापासून. कच्च्या बीजातून पहिली मुलं यायला १९९१ उजाडलं, दक्षिण कोरियात, दुसऱ्या बाईच्या अंडाशयातल्या बीजांपासून. पीसीओडी असलेल्या बाईला स्वतःच्या कच्च्या बीजापासून मूल झालं ते १९९४ मध्ये, ऑस्ट्रेलियात ॲलन ट्राउन्सन यांच्याकडे.

हो ची मिन्हचे आकडे

आता मुलीच्या मनातला खरा प्रश्न: मूल होण्याची शक्यता कशात जास्त?

याचं सगळ्यात नेटकं उत्तर माय डुक रुग्णालयातून २०२० मध्ये आलं. वुओंग थी न्गोक लान आणि सहकाऱ्यांनी ५४६ बायका घेतल्या. सगळ्यांच्या दोन्ही अंडाशयांत मिळून चोवीस किंवा जास्त फॉलिकल होते, म्हणजे आपल्या हवालदाराच्या बायकोसारख्याच. चिठ्ठी टाकावी तसं निम्म्यांना दोन टप्प्यांचं आयव्हीएम, निम्म्यांना नेहमीचं आयव्हीएफ. दोन्हीकडे भ्रूणं आधी गोठवून मग सोडली.

पहिल्यांदा भ्रूण सोडल्यावर मूल जन्मलं अशा बायका आयव्हीएम गटात शंभरात ३५.२, आयव्हीएफ गटात ४३.२. आठ टक्क्यांचा फरक. संख्याशास्त्राच्या भाषेत हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण खरा फरक सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत मोठाही असू शकतो. आयव्हीएम नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी नाही असं संशोधकांना सिद्ध करायचं होतं, ते झालं नाही, आणि तसं त्यांनी सरळ लिहिलं.

बातम्यांमध्ये आणि क्लिनिकच्या पत्रकांत याच दोन आकड्यांवर थांबतात. ‘जवळपास सारखं यश’ म्हणतात. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच अभ्यासातला पुढचा आकडा. एका वर्षात, एकाच पिकअपमधून गोठवलेली सगळी भ्रूणं वापरत गेल्यावर, टिकलेलं गर्भारपण आयव्हीएम गटात ४४ टक्के बायकांना मिळालं आणि आयव्हीएफ गटात ६२.६ टक्के. पहिल्या फेरीतला आठाचा फरक वर्षअखेर जवळपास एकोणीस झाला.

तो का रुंदावला, हे या मुलीचंच उदाहरण घेऊन बघू. आकडे माझे, समजुतीपुरते. नेहमीच्या पद्धतीत तिला वीस बीजं मिळाली, सोळा पिकलेली, बारांचं फलन, त्यातून गोठवण्याजोगी पाच-सहा भ्रूणं. आयव्हीएममध्येही बीजं वीसच, पण ताटलीत पिकली बारा, फलन आठांचं, आणि मध्येच थबकणारी जास्त असल्यामुळे गोठवण्याजोगी दोन-तीन. दोन्हीकडचं पहिलं, सगळ्यात चांगलं भ्रूण जवळपास सारखंच. ते रुजलं तर प्रश्न मिटला. नाही रुजलं तर एकीकडे फ्रीजरमध्ये चार-पाच शिल्लक आहेत आणि दुसरीकडे एक-दोन. पहिल्या फेरीचा आकडा ही शिल्लक मोजतच नाही.

बीजिंगचा निकाल याहून कडक. तिथे पीसीओडी असलेल्या ३५१ बायकांमध्ये एफएसएचचं एकही इंजेक्शन न देता, सीएनपीच्या टप्प्याशिवाय आयव्हीएम केलं. २०२२ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सहा महिन्यांत टिकलेलं गर्भारपण आयव्हीएममध्ये २२.३ टक्के, आयव्हीएफमध्ये ५०.६. हे दोन अभ्यास शेजारी ठेवले तर ताटलीतल्या चोवीस तासांचं आणि आधीच्या दोन इंजेक्शनांचं मोल दिसतं. अर्थात दोन वेगळ्या देशांतल्या, वेगळ्या बायकांवरच्या अभ्यासांची अशी तुलना सावधपणेच करावी.

आणि ओएचएसएस? हो ची मिन्हच्या अभ्यासात आयव्हीएम गटात एकीलाही झाला नाही. पण आयव्हीएफ गटातही तो फक्त ०.७ टक्के बायकांना झाला.

भीतीचं काय झालं

हा ०.७ मी नाशिकच्या डॉक्टरांपुढे ठेवला. ते हसले. ‘पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मीही आयव्हीएम म्हटलं असतं.’

मधल्या काळात ट्रिगर बदलला. अँटागोनिस्ट पद्धतीत एचसीजीऐवजी ल्युप्रोलाईड किंवा ट्रिप्टोरेलिनसारखं ॲगोनिस्ट देता येतं. त्याने शरीरातलंच एलएच एकदा उसळतं आणि दीड-एक दिवसात उतरतं. एचसीजी मात्र रक्तात आठवडाभर रेंगाळतं, अंडाशयांना चिथावत राहतं. दुसरी गोष्ट, त्या महिन्यात भ्रूण सोडायचंच नाही, सगळी गोठवायची, कारण गर्भ राहिला की त्याचं स्वतःचं एचसीजी तोच त्रास पुन्हा सुरू करतं. या दोन गोष्टी पाळल्या तर जोखमीच्या बायकांमध्येही गंभीर ओएचएसएस क्वचित होतो. वहिनींना झालं तेव्हा बहुधा यातलं एक किंवा दोन्ही पाळलेलं नव्हतं.

म्हणजे आयव्हीएमचा सगळ्यात मोठा दावा बाजूने येऊन कुणीतरी हलका केला. अमेरिकेच्या प्रजनन वैद्यक संघटनेने २०२१ मध्ये आयव्हीएमवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. पण शिक्का निघाला म्हणून ते सगळ्यांसाठी झालं असं नाही.

तरी काही बायकांना ते हवंच. डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. एक, जिच्या अंडाशयात बीजं भरपूर आहेत पण एफएसएच कितीही दिलं तरी फॉलिकल हलत नाहीत. तिच्या पेशी एफएसएचला ऐकतच नाहीत. अशी स्त्री क्वचित भेटते, आणि तिच्या बाबतीत कच्चं बीज काढणं हा स्वतःचं मूल होण्याचा जवळपास एकमेव मार्ग. दुसरी, जिला कॅन्सरचं निदान झालंय आणि केमो पुढच्या आठवड्यात सुरू व्हायची आहे. तिला दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यायला वेळ नाही, आणि स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन वाढू देणं नको असतं. तिची कच्ची बीजं दोन दिवसांत, पाळीचा कुठलाही दिवस असला तरी काढता येतात, पिकवून गोठवता येतात. एक अंडाशय केमोच्या आधी काढून त्याचे तुकडे गोठवायचे ठरलं असेल, तर ते तुकडे करताना द्रवात सांडलेली बीजंही लॅबमध्ये वेचून पिकवतात.

आणि जिच्याकडे बीजंच कमी, तिच्यासाठी हा मार्ग नाही. एएमएच एकच्या खाली, वय चाळीस, फॉलिकल चार. तिथे निम्मी बीजं ताटलीत गमावणं परवडत नाही. ‘इंजेक्शनं नकोत’ म्हणून सगळ्यात जास्त विचारणा मात्र याच बायकांकडून होते, असं डॉक्टर म्हणाले.

अलीकडचं एक पाऊल वेगळ्या दिशेचं. स्टेम सेलपासून अंडाशयाच्या आधार देणाऱ्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि कच्च्या बीजांना ताटलीत त्यांच्या सोबत ठेवायचं. सीएनपी बाटलीतून ओतण्याऐवजी ते सोडणारी वस्तीच बीजाभोवती वसवायची. २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथे अशा रीतीने पिकवलेल्या बीजापासून पहिलं मूल जन्मल्याची घोषणा झाली. एका मुलावरून टक्केवारी काढता येत नाही.

फाईलवरची नवी पानं

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं, शक्य तितकं आकड्यांसकट. तिने मध्येच विचारलं, ‘पण पोरं नीट असतात ना अशी?’ हो ची मिन्हच्या अभ्यासातल्या मुलांची वाढ पुढे दोन वर्षं तपासली गेली. चालणं, बोलणं, खेळणं, दोन्ही गटांत सारखंच निघालं. तेवढं तिला पुरलं.

तिच्या सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांचं मत वेगळं. बाहेर पिकवायचंच कशाला, आत पिकतंय ना? वैद्यकीयदृष्ट्या त्यांच्याशी वाद घालणं कठीण होतं.

डॉक्टरांकडे ती आणि नवरा दोघं गेले ते रजा सुरू झाल्या झाल्या. त्यांनी तीन गोष्टी लिहून नेल्या होत्या: ट्रिगर कोणता देणार, सगळी भ्रूणं गोठवणार का, आणि फॉलिकल फारच वाढले तर सायकल थांबवणार का. तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर जरा थांबले, मग म्हणाले, हो, थांबवू. नेहमीच्याच पद्धतीने जायचं ठरलं. एफएसएच १५० युनिट, अकरा दिवस. ट्रिगर ल्युप्रोलाईडचा, रात्री साडेदहाला, मोबाईलवर गजर लावून. पिकअपनंतर तीन दिवस पोट जड होतं, वजन दीड किलो वाढलं आणि उतरलं. रोज सकाळी वजन आणि पोटाचा घेर मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं, ते तिने चुकवलं नाही. बीजं एकवीस, पिकलेली सतरा, पाचव्या दिवसापर्यंत टिकलेली भ्रूणं पाच. सगळी गोठवलेली.

नवऱ्याची रजा तेवढ्यात संपली. भ्रूण सोडायला तो हजर असण्याची गरज नाही, संमतीच्या कागदांवर सह्या आधीच झाल्या आहेत. आता पाळी यायची वाट आहे. पीसीओडीत ती कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांनी पाळी आणायच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत, त्यानंतर अस्तर जाड करणाऱ्या गोळ्या, आणि आठ मिलिमीटर झालं की तारीख.